शब्दचर्चा: निर्जंतुकीकरण आणि जंतुनाशन एकच का?

मृण्मयी
जीएनएम नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलींसाठी मराठीत टिपणं करते आहे. स्टरिलायझेशनला ‘निर्जंतुकीकरण’ लिहिलं, पण डिसइन्फेक्शनपाशी अडले. आपल्याकडे फरशी हायपोक्लोराइटने पुसली तरी ‘निर्जंतुक केली’ म्हणतात आणि कात्री ऑटोक्लेव्हमधून काढली तरी तेच म्हणतात. डिसइन्फेक्शनसाठी काही जण ‘जंतुनाशन’ लिहितात, काही ‘विसंक्रमण’. कोणता घ्यावा?

अविनाश
सोपं आहे. उष्णतेने केलं की निर्जंतुकीकरण, औषधाने केलं की जंतुनाशन. आमच्या दुकानात फिनेलच्या बाटलीवरही जंतुनाशक असंच लिहिलेलं असतं.

सुलभा
मी बरीच वर्षं ऑपरेशन थिएटर आणि सीएसएसडी, म्हणजे रुग्णालयाची उपकरणं निर्जंतुक करणारा विभाग, सांभाळलं आहे, म्हणून लिहिते. अविनाश, फिनेलचं बरोबर आहे, पण नियम तसा नाही. चिमटा पाण्यात २० मिनिटं उकळला तर ती उष्णताच असते, तरीही तो निर्जंतुक होत नाही. उलट २ टक्के ग्लुटराल्डिहाइड हे औषध आहे. त्यात उपकरण २० मिनिटं बुडवलं तर वरच्या दर्जाचं जंतुनाशन होतं आणि तेच १० तास ठेवलं तर निर्जंतुकीकरण होतं.

खरी सीमारेषा बीजाणूंची आहे. काही जंतू परिस्थिती बिघडली की स्वतःभोवती जाड कवच करून पडून राहतात. धनुर्वाताचा जंतू त्यातलाच. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरू शकतात आणि जखमेत गेले की पुन्हा जागे होतात. बीजाणूंसकट सगळं मेलं तरच निर्जंतुक म्हणायचं. म्हणून ‘थोडंसं निर्जंतुक’ असं काही नसतं. जंतुनाशनाला मात्र कमी, मध्यम, वरचा असे दर्जे असतात. टिपणात आधी हे लिही, शब्द त्यामागून येईल.

केतकी
मग आमच्या बाळाच्या बाटल्यांचं ते विजेवरचं स्टरिलायझर फसवं म्हणायचं का? सहा महिने रोज त्यातच बाटल्या ठेवते आहे!

सुलभा
फसवं नाही, नाव मोठं आहे एवढंच. त्यात दाब नसतो, त्यामुळे वाफ १०० अंशांच्या वर जात नाही. म्हणजे काटेकोर अर्थाने ते जंतुनाशन झालं. दुधाची बाटली बाळाच्या पोटात जाते, जखमेत नाही, तिला तेवढं चालतं. बाटली आधी ब्रशने नीट घासत जा, साय चिकटलेली राहिली तर वाफेचा उपयोग होत नाही.

प्रसाद
‘निर्बीजीकरण’ का नाही घेत? आमच्या नगरपालिकेच्या गाडीवर स्टरिलायझेशनसाठी तोच शब्द आहे.

मृण्मयी
प्रसाद, ती गाडी भटक्या कुत्र्यांची आहे. तिथला अर्थ नसबंदीचा. इथे प्रश्न उपकरणांचा आहे.

सुलभाताई, आता वॉर्डातली एक गोष्ट विचारते. परवा ऑटोक्लेव्हमधून ड्रेसिंगचा ड्रम आला. टेपवरच्या रेघा छान काळ्या झालेल्या. उघडला तर मधला गॉज दमट. स्टाफ म्हणाली, “टेप बदललाय ना, मग निर्जंतुकच आहे, वापर.” मला ते पटलं नाही, पण कारणही सांगता आलं नाही.

सुलभा
पटलं नाही ते बरोबरच. ओला ड्रम वापरायचा नाही. ओल्या कापडातून बाहेरचे जंतू झिरपत आत येतात, म्हणजे आतला माल निर्जंतुक झाला असला तरी तसा राहत नाही.

टेपचं म्हणशील तर तो एवढंच सांगतो की हा ड्रम तापला होता. टेप असतो बाहेर आणि गॉज असतो मध्यभागी. तिथे वाफ पोचली का, हे त्याला कळत नाही.

ऑटोक्लेव्ह कसा चालतो ते कुकरवरून समजून घे. कुकरमधून वाफेचा सरळ झोत आला की मगच आपण शिट्टी लावतो, कारण आधी आतली हवा जायला हवी. इथेही तेच. दाब १५ पौंड आणि आत निव्वळ वाफ असेल तर तापमान १२१ अंश होतं. पण निम्मी हवा अडकून राहिली तर दाबाचा काटा तोच १५ दाखवतो आणि तापमान ११२च्या आसपास राहतं. म्हणून फक्त दाबाचा काटा बघून भागत नाही, तापमापकही बघायचा, आणि वेळ मोजायची ती १२१ अंश गाठल्यावरच. गुंडाळलेल्या मालाला साधारण ३० मिनिटं लागतात.

मारते ती वाफ. ती थंड वस्तूला टेकली की तिचं पाणी होतं आणि त्या क्षणी साठवलेली सगळी उष्णता ती वस्तूला देते. कोरड्या हवेला ते जमत नाही, म्हणून हॉट एअर ओव्हनला १६० अंशांवर २ तास द्यावे लागतात.

आता तुझा ड्रम. माझा अंदाज, गॉज दाबून दाबून भरला असणार. मध्ये हवा कोंडली, वाफ पोचली नाही, किंवा पोचून झालेलं पाणी सुकलं नाही. शेवटची सुकवणीची १५-२० मिनिटं घाईत बहुतेक कापली जातात. ड्रमची भोकं भरताना उघडी होती का आणि बाहेर काढताच बंद केली का, तेही विचार. त्या ड्रममधला सगळा माल काढायचा, कोरड्या कापडात सैल भरायचा आणि पुन्हा पूर्ण वेळ लावायचा. नुसता उन्हात सुकवून चालणार नाही.

अविनाश
पण मग खात्री कशी करायची? दर वेळी बीजाणू मोजत बसणार का?

सुलभा
मोजत नाही, पण मुद्दाम आत ठेवतो. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस नावाच्या, उष्णतेला फार चिवट असलेल्या जंतूच्या बीजाणूंची कुपी मिळते. वाफ पोचायला सगळ्यात अवघड जागी ती ठेवायची आणि नंतर ५५ ते ६० अंशांवर उबवायची. रंग बदलला तर बीजाणू जिवंत राहिले, म्हणजे तो सगळा माल परत. निकालाला वेळ लागतो, म्हणून रोजच्या कामात ड्रमच्या मध्यभागी रासायनिक पट्टी ठेवतात. बाहेरच्या टेपपेक्षा तिचं ऐकावं.

रोहिणी
मी लहान दवाखान्यात काम करते. आमच्याकडे आर्टरी फॉर्सेप वापरून झाली की थेट क्लोरीनच्या पाण्यात टाकतात, मग धुतात. वाकणाऱ्या जागी गंज चढतो आहे. टिपणात हे कसं लिहिणार?

सुलभा
यावर एकमत नाही. ०.५ टक्के क्लोरीनमध्ये १० मिनिटं, हे आपल्याकडे पुष्कळांना शिकवलेलं आहे, धुणाऱ्या माणसाच्या सुरक्षेसाठी. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, क्लोरीन स्टील खातं आणि रक्त असलं की त्याची ताकदही कमी होते. त्यापेक्षा जाड हातमोजे, ॲप्रन घालून एन्झाइमच्या द्रावणात धुवा. मी दुसऱ्या बाजूची, पण जिथे हातमोजेच धड मिळत नाहीत तिथे मी हट्ट धरणार नाही. १० मिनिटांचा तासभर मात्र होऊ देऊ नका, गंज त्यानेच चढतो.

धुताना सुरुवातीला गरम पाणी नको, रक्त थिजून दातऱ्यांत बसतं. ब्रश पाण्याखाली चालवायचा म्हणजे तोंडावर उडत नाही. आणि ऑटोक्लेव्हमध्ये फॉर्सेप लॉक उघडा ठेवूनच जायला हवी. मिटलेल्या दातऱ्यांच्या आत वाफ शिरत नाही.

मृण्मयी
मग मी ‘निर्जंतुकीकरण’ आणि ‘जंतुनाशन’ धरते. जिथे बीजाणू मेले नाहीत तिथे ‘निर्जंतुक’ लिहायचंच नाही, फरशीलासुद्धा नाही.

प्रसाद
‘विसंक्रमण’ जास्त काटेकोर वाटतो हो. जंतुनाशन म्हटलं की सगळे जंतू मेले असंच वाटतं.

सुलभा
प्रसाद, तुमचा मुद्दा खरा आहे. पण वॉर्डात रात्रपाळीच्या मावशींना ‘विसंक्रमण करा’ म्हटलं तर त्या तोंडाकडे बघत राहतील. मृण्मयी, पहिल्यांदा दोन्ही शब्द दे, पुढे जंतुनाशन चालव. आणि त्या ड्रमबद्दल इन्चार्ज सिस्टरना आजच सांग. त्याच फेरीत लावलेले बाकीचे ड्रमही उघडून बघायला हवेत.