मदत हवी आहे: माझी पत्रिका बादलीच्या आकाराची की सी-सॉ आकाराची?

चांदणवेल
नमस्कार. गेल्या महिन्यात एका ज्योतिषांनी माझ्या पत्रिकेतील ग्रहांचा आकार बकेट, म्हणजे बादलीसारखा असून चंद्र ही तिची कडी आहे, असे सांगितले. काल दुसऱ्या गृहस्थांनी तीच पत्रिका पाहून ही सी-सॉ आहे, आपले मन आयुष्यभर दोन टोकांत झुलत राहील, असे ठामपणे सांगितले. दोघांनीही पैसे घेतले, म्हणून मला आता एकच उत्तर हवे आहे. वृषभेत चंद्र व राहू, तुळेत मंगळ व शनी, वृश्चिकेत शुक्र व केतू, धनूत गुरू व बुध आणि मकरेत रवी आहे. कृपया लवकर सांगावे.

वाटाड्या
ही सरळसरळ कालसर्पाची पत्रिका दिसते. सर्व ग्रह एका बाजूला आले की पाश्चात्त्य लोक त्याला वाटी म्हणतात आणि आपण कालसर्प म्हणतो. नाव बदलले तरी वस्तू तीच. त्र्यंबकेश्वरी शांती करून घ्यावी, बाकी आकारांच्या भानगडीत पडू नये.

गणितमास्तर
धागाकर्त्यांनी फक्त राशी दिल्या आहेत. आपल्या चौकोनी कुंडलीत घरे दिसतात, अंतरे दिसत नाहीत. एक ग्रह तुळेच्या आरंभी आणि दुसरा वृश्चिकेच्या अखेरीस असेल, तर घरे शेजारची असूनही मधे जवळजवळ साठ अंश जातात. कृपया अंश द्यावेत, हर्षल, नेपच्यून व प्लूटो कुठे आहेत तेही सांगावे, आणि जन्माचा महिना व वर्ष कळल्यास बरे होईल.

चांदणवेल
अंश लागतात हे मला कोणी सांगितले नव्हते. जन्म जानेवारी १९८४ मधला, संक्रांतीच्या सुमाराचा. निरयन अंश असे: मंगळ तूळ ८, प्लूटो तूळ ८, शनी तूळ २१, हर्षल वृश्चिक १८, शुक्र वृश्चिक २४, गुरू धनू ५, नेपच्यून धनू ६, रवी मकर १, चंद्र वृषभ २१. राहू वृषभ १९ आणि केतू वृश्चिक १९. बुध धनूतच आहे, त्याचा अंश छापील पत्रिकेत पुसट झाला आहे. वेळही नक्की नाही. आई सकाळची म्हणते, आजी दुपारची म्हणायची.

रेवा_पुणे
माझ्या मुलीची पत्रिका स्प्लॅश, म्हणजे सगळीकडे शिंतोडे उडाल्यासारखी आहे, असे आम्हाला सांगण्यात आले. तेव्हापासून तिने एक छंद सोडून दुसरा धरला की घरात सगळे हाच शब्द उच्चारतात. त्यावर काही उपाय असतो का?

गणितमास्तर
रेवाताई, उपायाचे मला ठाऊक नाही, पण तो आकार खरोखर स्प्लॅश आहे का हे आधी पाहावे. बुध रवीपासून साधारण २८ अंशांपलीकडे आणि शुक्र साधारण ४८ अंशांपलीकडे जातच नाही. म्हणजे दहापैकी तिघे एकाच टापूत बांधलेले असतात, आणि उरलेल्या सातांनी बाकीचे वर्तुळ भरून काढावे लागते. तसे क्वचितच घडते, पण लोक चार घरे रिकामी दिसत असतानाही तो शब्द वापरतात.

आता मूळ प्रश्न. या आकारांना आज जी नावे रूढ आहेत, ती अमेरिकन ज्योतिषी मार्क एडमंड जोन्स यांच्या १९४१ सालच्या पुस्तकातून आली. त्यांच्या मोजणीत रवी ते प्लूटो असे दहाच असतात. राहू-केतू हे छेदनबिंदू असल्याने ते धरलेले नाहीत. आपल्याकडे नऊपैकी दोन ग्रह तेच असल्याने हात आपोआप त्यांच्याकडे जातो आणि घोटाळा तिथेच होतो. राहू आणि केतू नेहमी १८० अंशांवर समोरासमोर असतात, त्यामुळे त्यांना धरले तर सर्व ग्रह एका अर्ध्याच्या आत मावणारी वाटी जवळपास कोणाच्याही पत्रिकेत उरणार नाही.

कागदावर वर्तुळ काढून हे अंश मांडून पाहा. मंगळ-प्लूटोपासून रवीपर्यंत नऊ ग्रह अवघ्या ८३ अंशांत आहेत. त्यांचा मध्य वृश्चिक २० च्या आसपास येतो आणि नेमका समोर, वृषभ २१ वर, चंद्र एकटा आहे. चंद्राच्या एका बाजूला सुमारे १३७ आणि दुसऱ्या बाजूला सुमारे १४० अंश रिकामे आहेत. दुसऱ्या गृहस्थांनी चंद्राजवळचा राहूही मोजला असावा. मग त्या बाजूला दोघे झाले आणि सी-सॉ तयार झाली. सी-सॉला दोन्ही बाजूंना गट लागतो, एकटा ग्रह म्हणजे कडी.

वाटाड्या, कालसर्पाला सर्व ग्रह राहू-केतूच्या रेषेच्या एकाच बाजूला लागतात, तेही इथे बसत नाही. राहू-केतूची रेषा वृषभ १९ ते वृश्चिक १९ अशी जाते. शुक्र, गुरू, बुध व रवी तिच्या एका बाजूला आहेत, तर मंगळ व शनी दुसऱ्या बाजूला.

वाटाड्या
अंशांचा कीस काढून योग मोडता येत नाही. आमच्या गुरुजींनी नेहमी राशीच पाहिल्या.

जुनापंचांगी
राशीच पाहायच्या असतील तर आपल्या परंपरेत त्यासाठी ग्रहांच्या मांडणीवरून ठरणारे नाभस योग आहेत, आणि वराहमिहिरांनी बृहज्जातकात ते दिले आहेत. तेथे फक्त सात ग्रह घेतात. लग्नापासून सलग सात घरांत सातही ग्रह आले तर नौका योग होतो. पाश्चात्त्य वाटीचा तोच जवळचा भाऊ म्हणावा. चांदणवेल यांचे सात ग्रह पाच राशींत आहेत, म्हणून संख्येने पाश योग. मात्र रवी मकरेत जेमतेम एक अंशावर आहे. जन्म एक-दोन दिवस आधीचा असता तर तो धनूत राहिला असता, राशी चार झाल्या असत्या आणि योग पाशाऐवजी केदार झाला असता, बादलीवर मात्र त्याचा फारसा परिणाम झाला नसता.

गणितमास्तर
हे मान्य. अंतरांवर आधारलेल्या आकाराला सायन-निरयनाचाही फरक पडत नाही, कारण अयनांश, म्हणजे त्या दोन पद्धतींतला अंशांचा फरक, सर्वांतून सारखाच वजा होतो. जन्मवेळेचीही काळजी नको. चंद्र तासाला सुमारे अर्धा अंश चालतो, तेव्हा आईची सकाळ खरी असो वा आजीची दुपार, कडी तीन-चार अंशांपेक्षा जास्त हलणार नाही.

चांदणवेल
म्हणजे बादली नक्की. मग त्याचा अर्थ काय? पहिल्या ज्योतिषांनी सांगितले की माझे सर्व बळ चंद्रातून, म्हणजे भावनेतून बाहेर पडते. मी हिशेबनीस आहे.

जुनापंचांगी
बादलीत साधारण निम्मे वर्तुळ भरलेले असावे लागते. येथे नऊ ग्रह एक-तृतीयांश वर्तुळातही पुरते पसरलेले नाहीत, त्यामुळे मी याला कडी असलेली मोळी, म्हणजे बंडल, म्हणेन. मोळीचा अर्थ एकाच कामात खोल उतरणे असा घेतात, तो हिशेबनिसाला बरा बसतो.

गणितमास्तर
कडीचा ग्रह म्हणजे बाकीच्यांचे बळ जिथून बाहेर पडते ती वाट, असेच जोन्सपंथीय वाचतात. नाव बादली की मोळी, यावर मी भांडणार नाही. पण अर्थ लावण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या हिवाळ्यात प्लूटो, शनी, हर्षल, गुरू आणि नेपच्यून हे पाचही मंदगती ग्रह सुमारे ५८ अंशांत गोळा झालेले होते, आणि जानेवारीत रवी, बुध व शुक्रही त्यांच्या आसपास आले. म्हणून त्या काही आठवड्यांत जन्मलेल्या सगळ्यांचीच मोळी थोड्याफार फरकाने सारखी आहे. चंद्र मात्र २७ दिवसांत फेरी पुरी करतो, त्यामुळे तो समोर उभा राहण्याचे दिवस मोजकेच. आपल्या पत्रिकेत वेगळे म्हणण्यासारखे काही असेल तर ते चंद्राचे स्थान आहे, आणि तेही त्या दिवशी जन्मलेल्या सर्वांचे.

रेवा_पुणे
मग मुलीचे अंश मी उद्या वेगळ्या धाग्यात देते. बुधाचा अंश आमच्याही कागदावर नाही.

चांदणवेल
त्या दिवशी जन्मलेले सगळे हिशेबनीस झाले असतील असे वाटत नाही. बुधाचा अंश शोधून सांगते, पण पहिल्या ज्योतिषांनी तो न पाहताच बादली कशी ठरवली, हे मला त्यांनाच विचारावे लागेल.