मदत हवी आहे: बांबूच्या लॅम्पशेडमधून पिवळी भुकटी पडते, माल परत आला

माणगा_कुडाळ:
आमचं घर बुरडाचं. बाबा सुपं, रोवळ्या, हारे विणतात. तीन वर्षांपासून मी पुण्याच्या एका दुकानासाठी त्यांच्याकडून लॅम्पशेड करून घेतो. जूनमध्ये 40 नग पाठवले. ऑगस्टमध्ये त्यातले 11 परत आले. दिव्याखालच्या टेबलावर रोज सकाळी पिठासारखी भुकटी साठते, अशी गिऱ्हाइकांची तक्रार. पट्ट्यांना टाचणीएवढी भोकं पडली आहेत. बाबा म्हणतात, चाळीस वर्षांत एक सूप असं परत आलं नाही. व्हार्निश तर दोन हात मारलं होतं. मग चुकलं कुठे?

सदाशिव_पेठी:
वाळवी आहे. रॉकेल पुसा, जाईल.

पेर_आणि_गाठ:
वाळवी असती तर मातीची नळी दिसली असती. हा भुंगा आहे. बांबूतला स्टार्च खायला येतो. दोन गोष्टी सांग. बांबू कधी तोडला होता? आणि भोकं पट्टीच्या पाठीकडून आहेत की गराकडून?

माणगा_कुडाळ:
तोड मे महिन्यातली. एरवी बाबा दिवाळीनंतरच तोडतात, पण दुकानाला घाई होती. भोकं सगळी गराकडून. पाठीच्या पट्ट्या होत्या त्या तीन शेड धड आहेत.

पेर_आणि_गाठ:
मग कोडं सुटलं. पावसात कोंब फुटायचे असतात, त्यासाठी बेट उन्हाळ्यात स्टार्च साठवून ठेवतं. मेमधला बांबू म्हणजे भुंग्याला पंगतच. पाठीची साल कडक असते, तिथे त्याची डाळ शिजत नाही. औषधाच्या दुकानातलं टिंक्चर आयोडीन ताज्या कापावर एक थेंब टाकून बघ. काळानिळा डाग पडला तर तो बांबू तसाच वापरू नये.

आणि बाबांचं खरं आहे. पण सूप शेणाने सारवलं जायचं, चुलीच्या धुरात टांगलं जायचं, रोज हातात असायचं. शहरातल्या माणसाला गोरापान बांबू हवा असतो, तोही बंद फ्लॅटमध्ये. व्हार्निशचं म्हणशील, तर अंडी किंवा अळ्या आधीच आत असतील, तर वरून कितीही हात मार.

कोकणी_आजोबा:
अमावास्येच्या आधी तोडा, कीड लागत नाही. आमचे वडील तेच करायचे. शिवाय तोडलेले कळक ओहोळात दगडाखाली दाबून महिनाभर ठेवायचे.

पेर_आणि_गाठ:
आजोबा, ओहोळाचं शंभर टक्के पटतं. पाण्यात स्टार्च निघून जातो, वास मात्र सहन करावा लागतो. अमावास्येचं मला अजून पटलेलं नाही, पण भांडत नाही.

शिंदी_सांगली:
आमच्याकडे शिंदीच्या पानांच्या चटया करतात. भुंगा नाही, पण कुरिअरच्या प्लॅस्टिकमध्ये काळे ठिपके येतात. यालाही आयोडीन लावू का?

पेर_आणि_गाठ:
नको, ती बुरशी आहे. पान पुरतं सुकायच्या आत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं जातंय. कडकडीत वाळवून कागदात बांधा.

माणगा, पुढच्या मालासाठी: 20 लिटर कढत पाण्यात 600 ग्रॅम बोरॅक्स आणि 400 ग्रॅम बोरिक पावडर विरघळव. विणायच्या आधी, सोललेल्या पट्ट्या त्यात 24 तास पूर्ण बुडवून ठेव आणि सावलीत वाळव. रंग द्यायचा तर नंतर. हे पावसात धुऊन जातं, त्यामुळे बाल्कनीतल्या शेडला उपयोग नाही. रोवळी, चपातीची टोपली या पट्ट्यांची करू नकोस. उरलेलं पाणी झाडांना घालू नकोस, झाडं जळतात.

माणगा_कुडाळ:
आणि आलेल्या 11 चं काय? फेकवत नाहीत.

पेर_आणि_गाठ:
वायर काढून प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांध. कोणाच्या मासळीच्या शीतगृहात उणे 18 अंशांवर दोन आठवडे जागा मिळाली, तर आतल्या अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर गार असताना पिशवी उघडू नकोस, ओल धरेल. मग काळ्या कागदावर ठेवून पंधरा दिवस बघ. नवी भुकटी पडली नाही तर सुटलास. पण हा इलाज पुन्हा लागण थांबवत नाही, हे लक्षात ठेव.

सदाशिव_पेठी:
दिव्याला बोंबलाचा वास आला तर?

माणगा_कुडाळ:
😄 मालवणात एक ओळखीचे आहेत, विचारतो. काल उरलेल्या पट्ट्यांवर आयोडीन टाकलं. मेच्या तोडीची काळीभोर झाली, गेल्या डिसेंबरच्या तोडीचा एक तुकडा होता तो नुसता पिवळसर. बाबा बघत होते, काही बोलले नाहीत. आता दुकानवाला दिवाळीसाठी 60 मागतोय, म्हणजे तोड याच महिन्यात. पट्ट्या बुडवून घेतल्या तर मेसारखं होणार नाही ना?

कोकणी_आजोबा:
दिवाळीचा माल गेल्या थंडीत तोडून ठेवायचा असतो रे बाबा.