मदत हवी आहे: विद्यार्थ्याला द्यायचं पत्र तपासून द्याल का? विषय हिमॅटॉलॉजी, कन्सेप्ट मॅप

परळचा_ट्यूटर
एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला पॅथॉलॉजी शिकवतो. एक मुलगा दोन्ही इंटर्नलला हिमॅटॉलॉजीत अडकला. पाठांतर चोख, पण रिपोर्ट हातात दिला की गप्प. कन्सेप्ट मॅप काढून आण म्हटलं, तर धड्याची अनुक्रमणिकाच गोलांत लिहून आणली. उद्या हे पत्र देणार आहे. कुठे चुकतंय का बघा.

"तुझा कागद पाहिला. मधे ॲनिमिया, भोवती चौदा गोल आणि सगळ्या रेषा मुक्या. रेषेवर क्रियापद नसेल तर काय कशामुळे होतं ते तुलाही कळत नाही, मलाही नाही.

नवा कागद घे. मधे 'लहान तांबड्या पेशी' लिही आणि एवढंच विचार, पेशी लहान का राहिली? हिमोग्लोबिन कमी भरलं म्हणून. ते हीम आणि ग्लोबिन मिळून बनतं, आणि हीमला लोह लागतं. इथे वाट फुटते.

लोहाचा साठा संपला की फेरिटिन उतरतं आणि यकृत जास्त ट्रान्सफेरिन बनवतं, म्हणून टीआयबीसी चढते. तू 'टीआयबीसी वाढते' एवढंच पाठ केलंस, म्हणून जुनाट आजारात ती का उतरते हे तोंडीला सांगता आलं नाही. तिथे लोह असतं, पण हेप्सिडिन वाढून फेरोपोर्टिनचं दार बंद होतं आणि लोह मॅक्रोफेजमध्ये अडकून पडतं. गोदाम भरलेलं आणि कुलूप लावलेलं. गोदाम भरलेलं असताना यकृत कशाला जास्त ट्रान्सफेरिन बनवेल?

आता मॅपवर बोट ठेवून हा रिपोर्ट वाच. बाई, वय २४, हिमोग्लोबिन १०.८, तांबड्या पेशी ५६ लाख, एमसीव्ही ६२, फेरिटिन ४८. पेशी लहान, पण संख्या जास्त. लोहच संपलं असतं तर संख्याही सहसा घटली असती. फेरिटिन ठीक आहे, म्हणजे लोहाची वाट बंद. ग्लोबिनच्या वाटेला लाग. बीटा साखळी कमी बनते, म्हणून मज्जा लहान पेशी काढते, पण पुष्कळ काढते. ५६ लाख म्हणजे ५.६ दशलक्ष, आणि एमसीव्ही ६२ भागिले ५.६ म्हणजे ११, तेराच्या खाली. मग एचबीए२ बघ, ५.२ टक्के. बीटा थॅलेसेमिया मायनर."

लोकलमधला_अभ्यासू
सर, भागाकार तेराखाली आला की थॅलेसेमिया, वर गेला की लोहाची कमतरता. एवढ्यावर आम्ही पास झालो. मॅप कशाला?

एचपीएलसीवाली
तेरा हा नुसता अंदाज आहे, निदान नव्हे. आमच्या लॅबला उल्हासनगरहून बरेच सिंधी पेशंट येतात, त्यांच्यात मायनर पुष्कळ. त्यातल्या एखाद्या बाईला लोहही कमी असलं की तांबड्या पेशी घटतात, भागाकार वर सरकतो, आणि एचबीए२ सुद्धा खाली येऊन काठावर बसते. साडेतीनच्या जरा अलीकडे. अशा वेळी आम्ही लोह भरून पुन्हा तपासा असं लिहितो. नुसता भागाकार पाठ केलेला तिथे फसतो.

ट्यूटर, तुमच्या पत्रातही एक बाण राहिलाय. फेरिटिन ४८ बघून तुम्ही लोहाची वाट लगेच बंद केलीत. ताप किंवा सूज असेल तर साठा रिकामा असूनही फेरिटिन फुगतं. सीआरपी पाहिल्याशिवाय 'ठीक' म्हणू नका.

परळचा_ट्यूटर
अगदी बरोबर. स्वतःच्या मॅपवर मीच मुकी रेष ठेवली. 'सूज फेरिटिन चढवते' हा बाण घालतो आणि रिपोर्टमध्ये सीआरपी नॉर्मल असं लिहितो.

गिरगावकर_ताई
माझं हिमोग्लोबिन ९.८. तीन महिने लोहाच्या गोळ्या घेतेय, हलत नाही. एमसीव्ही पण कमी. म्हणजे मला थॅलेसेमिया का?

एचपीएलसीवाली
ताई, इथे बसून नाही सांगता येत. गोळी पोटात शोषली जात नसेल, पाळीत रक्त जास्त जात असेल, किंवा मायनर असेल. फेरिटिन आणि एचबीए२ करून डॉक्टरांना दाखवा. मायनर निघालं आणि मूल हवं असेल तर मिस्टरांचीही तपासणी आधी करा.

पेनड्राइव्ह
मॅप काढायला कुठलं ॲप घ्यावं?

परळचा_ट्यूटर
कागद, पेन्सिल आणि खोडरबर. त्याने काय खोडलं हे मला दिसायला हवं.

निवृत्त_मास्तरीण
कोरा कागद देऊ नका, तो पुन्हा अनुक्रमणिकाच काढेल. गोल तुम्ही काढून द्या, बाणांवरची क्रियापदं त्याला भरू दे.

लोकलमधला_अभ्यासू
मग अर्धा मॅप सरांचाच झाला की. परीक्षेत गोल कोण काढून देणार?

परळचा_ट्यूटर
दोघांचंही पटतंय. सध्या पिशवीत दोन्ही ठेवलेत, कोरा कागद आणि रिकाम्या बाणांचा मॅप. आधी कोऱ्यावर दहा मिनिटं बसवून बघतो.