मदत हवी आहे: फोटो वाचणाऱ्या असिस्टंटच्या व्हेंडरला काय काय विचारू?

घाईत_आहे
कंपनीत असिस्टंट सुरू करतोय. फोटो टाकला की तो बघून उत्तर देतो. सेल्सवाला म्हणतो, "डेटा तुमच्याच रीजनमध्ये राहतो आणि 30 दिवसांत डिलीट होतो." सोमवारपर्यंत प्रश्नांची मेल पाठवायची आहे. लवकर सांगा, प्लीज.

रिकामी_गॅलरी
फोटो आधी लहान करून घ्या. माझ्या फोनमध्ये जागाच उरत नव्हती, साइझ कमी केल्यावर सगळं सुरळीत झालं.

घाईत_आहे
अहो, जागेचा प्रश्नच नाहीये.

जुना_अ‍ॅडमिन
फोटो कसले? माणसं वेबवरच्या चॅटमध्ये टाकणार, की तुमचंच अ‍ॅप एपीआयमधून पाठवणार? प्लॅन कंपनीचा आहे की जो तो स्वतःच्या खात्यातून वापरणार?

घाईत_आहे
हे राहिलंच. चॅट, कंपनीचा प्लॅन. दुरुस्तीला जाणारी मुलं मशीनच्या नेमप्लेटचा फोटो टाकणार. कधीकधी ग्राहकाची पावतीही फ्रेममध्ये येते.

कुलूप_लावा
एवढा काथ्याकूट कशाला? सेटिंगमध्ये ट्रेनिंग बंद करा, विषय संपला.

जुना_अ‍ॅडमिन
नाही हो. ट्रेनिंग बंद केलं म्हणजे ते फोटो मॉडेल शिकवायला वापरणार नाहीत, इतकंच. फोटो त्यांच्याकडे पडून राहतो तो राहतोच.

घाईत_आहे, तुमचा पहिला प्रश्न असा: ते 30 दिवस कधीपासून मोजायचे? समजा मुलाने 1 मार्चला फोटो टाकला आणि 20 मार्चला चॅट पुसलं. बऱ्याच ठिकाणी घड्याळ पुसल्यापासून चालू होतं, म्हणजे 19 एप्रिल. बॅकअप आणखी 35 दिवस ठेवत असतील, तर 24 मे. आणि मुलाने चॅट पुसलंच नाही तर? तर घड्याळ चालूच होत नाही. म्हणून विचारा, अ‍ॅडमिनला सगळ्यांसाठी मुदत लावता येते का आणि त्या मुदतीत बॅकअप, गैरवापर तपासायचे लॉग धरलेत का.

लोणच्याची_बरणी
+1. आम्ही फोटो काढून टाकला होता, पण त्याखालचं उत्तर तसंच राहिलं. त्यात ग्राहकाचं नाव आणि सिरियल नंबर असिस्टंटने स्वच्छ टाइप करून ठेवले होते! दोन महिन्यांनी शोधात नाव टाकलं तर पहिलाच निकाल तो. फोटोतून काढलेला मजकूरही पुसतात का, हे वेगळं विचारा.

जुना_अ‍ॅडमिन
अगदी. दुसरा प्रश्न "रीजनमध्ये राहतो" यावर. राहतो म्हणजे साठवतात, हे झालं. पण मॉडेल फोटो वाचतं ते कुठल्या रीजनच्या सर्व्हरवर? गर्दी झाली की दुसरीकडे वळवतात का? साठवण आणि प्रक्रिया करारात वेगवेगळी लिहून घ्या.

कलम_बहाद्दर
रीजनवर फार विसंबू नका. 2018 च्या क्लाउड अ‍ॅक्टनुसार अमेरिकी कंपनीच्या ताब्यातला डेटा, सर्व्हर कुठेही असो, तिथली यंत्रणा कायदेशीर आदेशाने मागू शकते. आणि 2025 मध्ये तिथल्या एका कोर्टाने ओपनएआयला, एरवी पुसले गेले असते ते चॅटचे लॉगही राखून ठेवायला सांगितलं होतं. मोठ्या कंपन्यांचा एंटरप्राइज प्लॅन त्यातून वगळला होता, साधी खाती नाही. असा आदेश आला तर कळवणार का, हेही विचारा.

कुलूप_लावा
मग रीजनचा उपयोग काय? शून्य.

कलम_बहाद्दर
शून्य कसा? ग्राहकाच्या करारात "अमुक देशाबाहेर साठवू नये" असं असेल, तर रीजन लागतोच. सगळ्याच कुलपांना एकच किल्ली चालत नाही.

जुना_अ‍ॅडमिन
सपोर्टवाला दुसऱ्या देशातून फोटो उघडून बघतो, तेव्हा डेटा बाहेर गेला म्हणायचा का?

कलम_बहाद्दर
युरोपच्या जीडीपीआरखाली सहसा हो. तुमच्या ग्राहकाचा करार काय म्हणतो, ते तुम्हालाच वाचावं लागेल.

रिकामी_गॅलरी
फोटोत लोकेशनही असतं बरं का! व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की निघून जातं, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहतं.

जुना_अ‍ॅडमिन
हे मात्र कामाचं. अपलोड होताना ते काढतात की मूळ फाइल जशीच्या तशी ठेवतात, तेही विचारा. आणि तोंडी उत्तरावर जाऊ नका. कागदावर "भोपळासुर 47" असं काहीतरी लिहा, त्याचा फोटो चॅटमध्ये अपलोड करा, मग चॅट पुसा. मुदत उलटली की अ‍ॅडमिन एक्स्पोर्टमध्ये तो शब्द शोधा. सापडला तर त्यांचं डिलीट कुठवर जातं ते कळेल. नाही सापडला तरी बॅकअपची खात्री होत नाही, ती लेखीच घ्यावी लागते.

घाईत_आहे
मेल गेली, उत्तरही आलं. साठवण आमच्या रीजनमध्ये, प्रक्रिया "उपलब्धतेनुसार". 30 दिवस पुसल्यापासून. बॅकअपबद्दल चकार शब्द नाही. सेल्सवाला म्हणतो, तोवर पायलट तरी सुरू करा.

लोणच्याची_बरणी
करा, पण पावती झाकून. नेमप्लेटपुरता क्रॉप करूनच टाकायचा.

कुलूप_लावा
आणि ट्रेनिंग बंद करा!