प्रति: गॅदरिंगचे फोटो मागच्या रांगेतून
"चेहरे नुसते पांढरे फटक येतात, नाईट मोड लावू का?"

नाईट मोड अजिबात नको, तो बराच वेळ उजेड गोळा करत बसतो आणि तोवर नाचणारं पोर दोन पावलं पुढे गेलेलं असतं, म्हणजे सगळं फराटेच. खरी भानगड अशी की मागून फ्रेममध्ये अर्ध्याहून जास्त काळोख आणि पालकांची डोकी असतात, फोन त्या काळोखाला उजळायला बघतो आणि स्पॉटखालचे पावडर लावलेले चेहरे जळतात. चेहऱ्यावर बोट दाबून धरा, आयफोनला AE/AF LOCK असं येतं, बऱ्याच अँड्रॉइडला कुलपाचं चिन्ह, मग बाजूला येणारं सूर्याचं चिन्ह खाली ओढा, म्हणजे उजेड कमी होतो. किती? तर मागचा पडदा जवळजवळ काळा होऊन कपाळावरची टिकली दिसेपर्यंत. फोटो अंधारा वाटला तरी चालेल, नंतर थोडा उजळता येतो, जळलेला चेहरा मात्र परत येत नाही. लाईट निळ्याचा पिवळा झाला की लॉक पुन्हा करायचा, हे विसरायला होतं. आणि क्लिक सतत नको, कोळीगीतात वल्हं मारून पोरं क्षणभर थांबतात ना, तेव्हा.