मदत हवी आहे : फाउंड्रीवाला तारखेवर तारीख देतोय, लेखी तारीख कशी मागू?

भोसरीचा_खराद
नमस्कार मंडळी. भोसरीत माझं छोटं मशिनिंग युनिट आहे, दोन व्हीएमसी आणि चार लेथ. व्हॉल्व्ह बॉडीचं कास्टिंग कोल्हापूरच्या एका फाउंड्रीकडून घेतो, एक नग साधारण १४ किलोचा. २ जूनला ३०० नगांची पीओ दिली. १०० नग ३० जूनपर्यंत, १०० नग १५ जुलैपर्यंत आणि १०० नग ३१ जुलैपर्यंत. आज २० जुलै. आलेत फक्त ६०, तेही १२ जुलैला.

फोन केला की "सोमवारी टेम्पो भरतो" हे ठरलेलं. असे तीन सोमवार गेले. माझं गिऱ्हाईक आता मलाच तारीख विचारतंय. बारा वर्षांचा संबंध आहे, तोडायचा नाही, पण आता तारीख कागदावर हवी आणि नाही जमलं तर दुसरीकडून घेऊ हेही सांगायचंय. हा मसुदा लिहिलाय :

"वारंवार सांगूनही आपण माल दिलेला नाही. दोन दिवसांत उर्वरित २४० नग न मिळाल्यास पीओ रद्द समजून आम्ही दुसऱ्या फाउंड्रीकडून माल घेऊ व होणारे सर्व नुकसान आपणाकडून वसूल करू."

बायको म्हणते हे भांडणाचं पत्र वाटतं. कसं लिहू?

चाकण_एक्स्प्रेस
भांडणाचं वाटलं तर वाटू द्या. पीओवर तारीख लिहिली होती ना? मग ती उलटली की पीओ आपोआप रद्द. पत्र कशाला, उद्याच दुसरीकडे ऑर्डर टाका आणि भावातला फरक डेबिट नोट काढून त्याच्या बिलातून वळता करा. आम्ही तेच करतो.

गृहिणी_ठाणे
आमच्या मॉड्युलर किचनवाल्यानेही असंच केलं हो. पाडव्याला देतो म्हणाला, गणपती आले तरी ट्रॉल्या नाहीत. शेवटी ग्राहक मंचात जाते म्हटल्यावर हलला. तुम्ही मंचात का जात नाही?

भोसरीचा_खराद
ताई, हा धंद्यासाठी घेतलेला माल आहे, मंचाचा रस्ता मला नाही. पण तुमचं किचन झालं ना पुरं?

निवृत्त_परचेस
तीस वर्षं खरेदी खात्यात काढली, म्हणून लिहितो. चाकणकरांचं अर्धंच बरोबर आहे. तारीख उलटल्यावर तुम्ही तीन वेळा "मग कधी देताय?" विचारलंत आणि नंतर ६० नग मुकाट उतरवून घेतलेत. म्हणजे मुदत तुम्हीच वाढवत गेलात, असं समोरचा म्हणू शकतो. आता लेखी नवी, रास्त मुदत द्या. ती चुकली की तुमची बाजू भक्कम होते. करार कायद्याचं कलम ५५ याच अंगाने जातं : वेळ महत्त्वाची आहे असं ठरलेलं असताना उशिरा आलेला माल घ्यायचा आणि भरपाईही मागायची, तर घेतानाच तसं कळवावं लागतं. यापुढचा प्रत्येक टेम्पो उतरवताना चलनावर "उशिरा प्राप्त, हक्क राखून" एवढं लिहून सही घ्या.

तुमच्या मसुद्यात मोठी चूक निराळीच आहे. तुम्ही २४० नग रद्द करताय, पण शेवटच्या १०० नगांची तारीख ३१ जुलै आहे. ते अजून उशिरा झालेलेच नाहीत. ते आज काढून घेतलेत तर शब्द मोडणारे तुम्ही. थकलेत ते १४०, पर्यायाची भाषा त्यांच्यापुरतीच ठेवा.

आणि पॅटर्न कोणाचा आहे?

भोसरीचा_खराद
पॅटर्न माझा. कोअर बॉक्सही माझाच. दोन्ही त्यांच्याकडेच, पहिल्या ऑर्डरपासून.

निवृत्त_परचेस
मग तुमची शेंडी त्यांच्या हातात आहे. दुसरीकडून घेतो म्हणालात आणि पॅटर्न यायलाच महिना लागला, तर ती धमकी पोकळ. पाठवतानाचं डिलिव्हरी चलन शोधा. शिवाय नवी फाउंड्री पॅटर्न आला की लगेच ओतत नाही. त्यांच्या मोल्डिंग बॉक्सला तो बसतो का बघणार, गेट-रायझर बदलणार, दोन-चार नग ओतून तुम्हाला मापाला देणार. तुम्ही ते मशीनवर लावून आत पोकळी निघते का पाहणार. यात तीन-चार आठवडे सहज जातात. तेव्हा सगळा माल हलवायच्या गोष्टी करू नका.

ओतकामवाला
मी पलीकडच्या बाजूचा, माझी स्वतःची छोटी फाउंड्री आहे. राग मानू नका, पण एक विचारतो : त्यांचं मागचं बिल दिलंय का? पैसे अडकले की आम्ही तोंडावर नाही म्हणत नाही, फक्त तुमचा पॅटर्न मोल्डिंगला लागत नाही. ज्याचे पैसे येतात त्याचा लागतो.

भोसरीचा_खराद
...६८ दिवस झालेत. मलाही वरून आले नाहीत.

ओतकामवाला
मग सोमवार का येत नाही ते कळलं.

निवृत्त_परचेस
हे आधी सांगायला हवं होतं. ते उद्यम नोंदणीवाले लघुउद्योजक असतील, तर लेखी करार असला तरी पैसे ४५ दिवसांत द्यायला हवेत, पुढे व्याज चढतं. अशात बिलातून परस्पर फरक कापलात तर तेच तुमच्याविरुद्ध तक्रार करतील. नवा भाव किती मिळतोय?

भोसरीचा_खराद
किलोमागे ८ रुपये जास्त.

निवृत्त_परचेस
म्हणजे १०० नगांना, १४०० किलोंचे, ११,२०० रुपये. एवढ्यासाठी कोणी कोर्टात जात नाही. पत्र तारीख मिळवण्यासाठी लिहा, वसुलीसाठी नाही. मी असं लिहीन :

"आपल्या २ जूनच्या पीओपैकी १५ जुलैपर्यंत २०० नग अपेक्षित होते, ६० मिळाले (१२ जुलै). थकीत १४० नग भोसरीत केव्हा पोचतील, तसेच आज किती नग ओतून झाले आणि किती फेटलिंगला आहेत, हे २३ जुलै संध्याकाळपर्यंत ईमेलने कळवावे. ३१ जुलैच्या १०० नगांची तारीख कायम आहे, हेही लिहावे. आपले थकलेले बिल आम्ही २२ जुलैला देत आहोत. २३ तारखेपर्यंत उत्तर न आल्यास किंवा दिलेली तारीख चुकल्यास थकीतपैकी १०० नगांपर्यंतचा माल आम्ही अन्य ठिकाणाहून घेऊ व तेवढे नग या पीओतून वजा होतील. त्यासाठी आमचा पॅटर्न व कोअर बॉक्स मागितल्यापासून तीन दिवसांत द्यावा. उशिरामुळे झालेल्या नुकसानीबाबतचे आमचे हक्क राखून ठेवले आहेत."

"पोचतील" हा शब्द सोडू नका. नाहीतर ते टेम्पो भरल्याची तारीख देतील.

चाकण_एक्स्प्रेस
बिल भरून मग पत्र? दबाव काय राहिला मग? मला नाही पटत.

ओतकामवाला
पैसे आले की तुमचं पत्र वाचलं जातं साहेब, एवढंच.

भोसरीचा_खराद
(२४ जुलै) अपडेट. बायकोच्या सोन्यावर कर्ज काढून २२ तारखेला पैसे भरले, तासाभराने ईमेल केला. काल रात्री साडेआठला उत्तर आलं : ८० नग २८ जुलैला आणि ६० नग ४ ऑगस्टला भोसरीत पोचतील, ५५ नग ओतून तयार आहेत. ३१ जुलैच्या १०० बद्दल एक अक्षर नाही. आणि खाली एक ओळ, "पॅटर्न सुरक्षित आहे, कोअर बॉक्स शोधत आहोत."

शोधत आहोत म्हणजे काय, काका?