उत्तर: पीएचडी गाईडच्या वागण्याची नोंद

> सर चारचौघांत अपमान करतात, घरची कामं सांगतात. सही मात्र त्यांचीच लागते. नोंद ठेवू कशी?

मी ठाणे-नेरुळ लोकलमध्येच लिहून काढायचो, त्याच दिवशी. ‘मंगळवार, 4:20, केबिन. “डोक्यात भुसा भरलाय.” हजर: दोन ज्युनियर.’ शब्द त्यांचे जसेच्या तसे, आपली विशेषणं नकोत. वही घरीच ठेवा; संस्थेच्या लॅपटॉपवर किंवा मेलवर चुकूनही नाही.

तोंडी हुकमाला संध्याकाळी गोड मेल: ‘सर, आज सांगितल्याप्रमाणे प्रकरण 3 थांबवून 62 उत्तरपत्रिका तपासतो आहे. प्रकरण 20 तारखेला देईन.’ ही तक्रार दिसत नाही, उलट आज्ञाधारकपणा वाटतो. (सरांनी एकदा ‘गुड’ असं उत्तरही दिलं!) त्याची प्रत मात्र खाजगी मेलवर ठेवा.

यूजीसीच्या 2022च्या नियमांनुसार दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे सादरीकरण असतं. तिथे सर म्हणाले, “हा काही लिहूनच देत नाही.” माझ्या पहिल्याच स्लाइडवर मसुदे दिल्याच्या तारखा होत्या, आणि पुढे ‘अभिप्राय प्रतीक्षेत’. भांडलो नाही. त्या समितीचा निमंत्रक गाईडच असतो, त्यामुळे अपमानाची वही तिथे काढू नका. इतिवृत्तात तारखा आल्या, की तेवढ्यावर थांबा.